दुपटीतून पाच : प्रस्तावना

‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज इलेव्हन. फाइंड द नंबर.’

आठवीच्या सेमी इंग्रजी तुकडीत मी हे गणित फळ्यावर लिहिलं आणि सवयीने विचारलं, “काय सांगितलंय?” पहिल्या बाकावरून लगेच आवाज आला, “मॅडम, लेस दॅन म्हणजे मायनस.” मी म्हटलं, “बरोबर. मांडा समीकरण.” वर्गातून फिरताना बघते तर निम्म्याहून जास्त वह्यांत 5 − 2x = 11 असं लिहिलेलं. ज्यांचा हात चांगला होता त्यांनी ते बिनचूक सोडवलंही. पाच पलीकडे नेला, चिन्ह बदललं, उणे दोनने भागलं, x = −3. शेवटी पडताळा घ्यायची शिस्त मीच लावलेली, तोही त्यांनी घेतला आणि तो जुळला. जुळणारच. चुकीच्या समीकरणाचं उत्तर त्याच समीकरणात घालून पाहिलं तर ते कधीच कुरकुर करत नाही.

मग मी खडू खाली ठेवला आणि तेच गणित मराठीत म्हटलं. “एका संख्येच्या दुपटीतून पाच वजा केले, तर अकरा उरले. ती संख्या कोणती?” तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती, इंग्रजीच्या धाकाने गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारी. ती फळ्याकडे न बघताच म्हणाली, “आठ.” कसे आले म्हणून विचारलं, तर म्हणाली, “पाच गेल्यावर अकरा उरले, म्हणजे आधी सोळा होते. सोळा ही दुप्पट. मग संख्या आठ.”

त्या दिवशी मी खुशीत घरी गेले. मराठीत सांगितलं की कळतं, झालं, असं वाटलं. तीन आठवड्यांनी घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा ती खुशी उतरली. पेपरात प्रश्न होता, ‘थ्री लेस दॅन हाफ ऑफ अ नंबर इज सेव्हन.’ त्या मुलीने उत्तराच्या जागी तो प्रश्नच सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढला होता. खाली कोरी जागा. वर्गात मराठी बोलून मी तिला एका गणिताचं उत्तर मिळवून दिलं होतं. इंग्रजी वाक्यापासून समीकरणापर्यंत यायची वाट दाखवली नव्हती, आणि परीक्षा त्या वाटेचीच होती.

पुढच्या पानांतल्या वर्गसंवादांची सुरुवात त्या कोऱ्या जागेपासून झाली. आम्ही पाच-सहा गणित-विज्ञानाच्या शिक्षकांनी आपापले तास मोबाइलवर रेकॉर्ड केले, सुटीत बसून ते अक्षरशः लिहून काढले आणि एकमेकांना वाचून दाखवले. आपलाच तास कागदावर वाचणं हा काही सुखाचा अनुभव नाही. मी इतक्या वेळा “समजलं का?” म्हणते हे मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

सेमी इंग्रजी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या पालकांना सांगायला नको. शाळा मराठी माध्यमाची, इतिहास-भूगोल मराठीत, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीत. कुठे पाचवीपासून, कुठे आठवीपासून, अलीकडे कुठे कुठे पहिलीपासूनसुद्धा. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, शिक्षक आणि मुलं मात्र मराठी बोलणारी. त्यामुळे तासाला दोन्ही भाषा बोलल्या जातातच. त्या बोलू नयेत असा फतवा काढणाऱ्यांनी एकदा आठवीच्या वर्गात ‘पॉलिनॉमियल’ शिकवून पाहावं. एका बोलण्यात, कधी एका वाक्यातच, एका भाषेतून दुसरीत जाण्याला अभ्यासक कोड-स्विचिंग म्हणतात. मी इथे भाषापालट म्हणते, कारण ‘पालट’मध्ये परत येण्याची शक्यता ऐकू येते.

आधी त्या पाचाचं बघू. इंग्रजी वाक्यात पाच पहिल्यांदा येतो, आणि तो ज्यातून वजा करायचा ती दुप्पट त्याच्यामागून येते. मूल डावीकडून उजवीकडे वाचत जातं आणि वाचेल तसं लिहितं: पाच, वजा, दोन एक्स. मराठी वाक्यात संख्या आधी येते, मग तिची दुप्पट, मग ‘तून’, मग पाच, मग वजा, शेवटी अकरा. म्हणजे मराठी वाक्य ज्या क्रमाने कानावर पडतं त्याच क्रमाने समीकरण लिहून होतं: 2x − 5 = 11. ‘पेक्षा’, ‘तून’, ‘ने’ ही आपली मंडळी नामाच्या मागे लागतात, इंग्रजीचं ‘दॅन’ आणि ‘फ्रॉम’ नामाच्या पुढे येतं. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम अ नंबर’ आणि ‘संख्येतून पाच वजा करा’ ही वाक्यं शेजारी लिहून पाहा. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. त्या मुलीचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून ती अडली, हे अर्धंच खरं. शब्द तिला सगळे माहीत होते. तिच्यापुढे अडथळा होता तो क्रमाचा.

हे इंग्रजी न येण्याचं दुखणं नव्हे याचा पुरावा अमेरिकेतून मिळतो. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना एक वाक्य दिलं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, S आणि P वापरून समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त मुलं चुकली, आणि चुकणाऱ्यांनी बहुतेक करून 6S = P असंच लिहिलं. इंग्रजी वाक्यात ‘सिक्स टाइम्स ॲज मेनी स्टुडंट्स’ हे शब्द एकमेकांना चिकटून येतात, म्हणून सहा आणि S चिकटले. आता मी वर जे मराठी वाक्य लिहिलं ते वाचा: प्राध्यापकांच्या सहापट. सहा इथे प्राध्यापकांना चिकटतो, आणि 6P हे आपोआप तयार होतं. अर्थात मराठी म्हणजे जादू नाही. तीच गोष्ट ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ अशी सांगितली की मराठी मूलही 6S = P लिहून मोकळं होतं. म्हणून ‘मराठीत सांगा’ एवढा सल्ला अपुरा आहे. कुठल्या मराठी वाक्यात सांगायचं, हे आधी घरी बसून ठरवावं लागतं.

इथे मला कुपवाड आठवतं. सांगली-मिरजेजवळचं हे गाव भाषाविज्ञानाच्या जगात प्रसिद्ध आहे ते जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांच्या १९७१ च्या निबंधामुळे. मराठी, कन्नड आणि उर्दू तिथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची व्याकरणं इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य घ्यावं आणि शब्दाच्या जागी शब्द बसवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार व्हावं. सांगाडा एक, शब्द वेगळे. अशा दोन भाषांत पालट करणं म्हणजे एका खोलीतून दुसरीत जाणं, मधे उंबराही नाही. मराठी आणि इंग्रजीचं तसं नाही. शब्दाला शब्द ठेवत भाषांतर करणारा शिक्षक कुपवाडमध्ये यशस्वी झाला असता. सेमी इंग्रजीच्या वर्गात तो ‘पाच कमी पेक्षा दुप्पट एक संख्या’ असं काहीतरी बोलून बसतो. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी वाक्यं आहेत. एक माझंही आहे.

मराठीचं पारडं दर वेळी जड पडतं असंही समजू नका. संख्यांची नावं घ्या. ‘एकोणऐंशी’ हा शब्द ऐकला की लहान मुलाच्या कानात ऐंशी घुमतो आणि पाटीवर ८९ उतरतात. ‘सेव्हंटी नाइन’मध्ये सत्तर आधी, नऊ नंतर, जसं लिहायचं तसंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’च्या जोडीला ‘वीस तीन’, ‘सत्याण्णव’च्या जोडीला ‘नव्वद सात’ अशी नावं आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या ते साधं होतं: जोडाक्षरांची आणि उलट क्रमाची नावं मुलांना जड जातात, आधी आकड्यांची समज येऊ द्या. पण चर्चा भाषेच्या अस्मितेवर गेली आणि विनोदांवर संपली. मी स्वतः पाचवीच्या वर्गात ‘एकोणसत्तर’ला अडलेल्या मुलाला ‘सिक्स्टी नाइन’ म्हणून सोडवलं आहे, आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. संख्येच्या नावापाशी इंग्रजी क्रम आपल्या बाजूने आहे, ‘लेस दॅन’पाशी मराठी. ज्या सांध्यावर जी भाषा गणिताच्या क्रमाने चालते ती तिथे घ्यावी. भाषेचा मान राखण्याची जागा ती नव्हे.

आता बिघडतं कुठे, ते. आमच्या रेकॉर्डिंगमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार असा: शिक्षक पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य वाचतो, लगेच त्याचं मराठी सांगतो, पुढचं इंग्रजी वाक्य वाचतो, त्याचं मराठी सांगतो. पस्तीस मिनिटं हेच. कानाला हे फार कष्टाळू शिकवणं वाटतं. पण वर्गात मागे बसून मुलांकडे बघितलं की कळतं. इंग्रजी वाक्य चालू असताना मुलं पेनाची टोपणं काढतात-घालतात, बाहेर बघतात. मराठी सुरू झालं की माना वर येतात. अमेरिकेत लिली वाँग फिलमोर यांनी द्वैभाषिक वर्गांत हेच नोंदवलं होतं. भाषांतर मागून येणारच आहे हे कळलं की मुलं नवी भाषा ऐकायचंच सोडतात. आणि तितकीच महत्त्वाची दुसरी बाजू अशी, की शिक्षकही ती भाषा सोपी करून सांगायचे कष्ट सोडतो. चित्र काढणं, वाक्य तोडून सांगणं, उदाहरण बदलणं, कशाची गरजच उरत नाही, कारण मराठी हाताशी आहेच. वर्षभरात मुलांच्या कानावरून शेकडो इंग्रजी वाक्यं जातात आणि त्यातलं एकही त्यांनी ऐकलेलं नसतं.

दुसरा प्रकार ओळखायला जास्त अवघड, कारण तो मराठीसारखा ऐकू येतो. “आता बघा, इक्वेशनच्या बोथ साइडला फाइव्ह ॲड करू, मग एक्सच्या कोइफिशंटने डिव्हाइड करू, आणि व्हॅल्यू सबस्टिट्यूट करून व्हेरिफाय करू.” हे वाक्य माझंच आहे. त्यात क्रियापद मराठी, विभक्ती मराठी, ‘आता बघा’ मराठी. अर्थाचं ओझं वाहणारा एकूणएक शब्द इंग्रजी. आपलं ‘करणे’ हे क्रियापद फार उदार आहे, त्याच्या दारात कुणीही आलं तरी ते पदरात घेतं. त्यामुळे वाक्य घरच्यासारखं वाटतं, मुलं माना डोलावतात, मलाही वाटतं की मी मराठीत समजावलं. प्रत्यक्षात ‘कोइफिशंट’ त्या वाक्यात शिरताना जितका बंद होता तितकाच बाहेर पडतानाही बंद राहिला. 

तो उघडायचा तर त्या शब्दापाशी थांबावं लागतं. ‘सहगुणक’ हा पुस्तकी शब्द आहे हे खरं, पण तो फोडला तर आतून काहीतरी निघतं: सह म्हणजे सोबत, गुणक म्हणजे गुणणारा. 7x मधला सात हा x सोबत राहून त्याला गुणतो. एवढं झाल्यावर मूल पुन्हा खुशाल ‘कोइफिशंट’ म्हणो. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हटलं की ते चळतं, बदलतं, हे शब्दातच आलं. मात्र सगळ्या संज्ञा अशा पारदर्शक नाहीत. ‘बैजिक राशी’ हा शब्द फोडून मला आजवर कुणाला काही दाखवता आलेलं नाही. तिथे ‘एक्स्प्रेशन’ म्हणावं, चार उदाहरणं फळ्यावर लिहावीत आणि पुढे जावं. विज्ञानात याच्या उलट्या गमती होतात. घनता शिकवताना ‘व्हॉल्यूम’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे टीव्हीचं बटण येतं. हा शब्द त्यांना माहीत आहे असं त्यांना वाटतं, म्हणून ती विचारतही नाहीत. ‘आकारमान’ म्हटलं की निदान आपल्याला हे माहीत नाही एवढं तरी त्यांना कळतं, आणि मग प्रश्न येतो.

तिसरा प्रकार कोरसचा. “दोन एक्स बरोबर सोळा, म्हणून एक्स इज इक्वल टू...?” “एऽऽट!” अख्खा वर्ग. “समजलं?” “होऽऽ!” दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलूमधल्या वर्गांत कीथ चिक यांनी हेच पाहिलं आणि त्याला ‘सुरक्षित बोलणं’ या अर्थाचं नाव दिलं. शिक्षकाची लाज राहते, मुलांची लाज राहते, तास पार पडतो. भाषापालट या कोरसला फार सोयीचा असतो. शिक्षक वाक्य मराठीत सुरू करतो आणि शेवटचा शब्द इंग्रजीत भरायला मुलांकडे सोपवतो. तो शब्द त्याच्या आवाजाच्या चढउतारावरून कुणालाही ओळखता येतो. रेकॉर्डिंग लिहून काढताना आम्ही एक गोष्ट केली: मुलांच्या तोंडची सगळी वाक्यं वेगळ्या कागदावर काढली. माझ्या एका पूर्ण तासाचा तो कागद अर्धासुद्धा भरला नाही, आणि त्यावर क्रियापद असलेलं एकही वाक्य नव्हतं.

या सगळ्यापलीकडे एक बारीक गोष्ट आहे, जी गम्पर्झ यांच्यामुळे मला दिसू लागली. भाषा बदलणं हाच एक निरोप असतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या तासांत गणिताच्या पायऱ्या इंग्रजीत होत्या, आणि मराठी कुठे कुठे होती ते मी लाल शाईने खुणावलं. “ए, मागे काय चाललंय?” मराठी. “वही कुठेय?” मराठी. एक-दोन विनोद, मराठी. म्हणजे महिनोन् महिने मी मुलांना न बोलता सांगत होते, की इंग्रजी सुरू झाली म्हणजे महत्त्वाचं चाललंय आणि मराठी सुरू झाली म्हणजे ओरडा किंवा गंमत. मग त्या मुलीने मराठीत मांडलेला तो सुंदर तर्क, सोळा ही दुप्पट, तिला स्वतःलाच गणित वाटला नाही तर नवल काय? तिने तो वहीत लिहिला नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “ते असंच तोंडी होतं.”

दक्षिण आफ्रिकेत मामोखेती सेताती यांनी अभ्यासलेल्या एका प्राथमिक वर्गात वेगळी वाटणी दिसली. तिथली शिक्षिका रीत सांगताना इंग्रजीत बोलायची. ‘का’ विचारताना, मुलांशी अर्थाबद्दल बोलताना सेत्स्वानाकडे वळायची. पण मुलांना परीक्षेत हवी असलेली सत्ता इंग्रजीच्याच हाती होती, हेही सेताती बजावून सांगतात. त्याच देशातल्या जिल ॲडलर यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात शिक्षकाच्या या कोंडीला सोडवायचा प्रश्न न म्हणता रोज निभावायचं द्वंद्व म्हटलं आहे. भाषा पालटावी तर मुलांच्या कानी इंग्रजीतलं गणित पडत नाही, न पालटावी तर गणितच पडत नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. ज्यांना एक ठाम नियम हवा आहे त्यांची इथे निराशा होईल.

तरी काही करता येतं, आणि त्याची दिशा मला वेल्समधल्या एका कल्पनेने दाखवली. केन विल्यम्स यांनी १९९४ च्या प्रबंधात वेल्श आणि इंग्रजीच्या वर्गांसाठी सुचवलं, की भाषा वाक्यावाक्याला बदलू नका, कामाप्रमाणे बदला: एका भाषेत वाचा किंवा ऐका, दुसरीत बोला किंवा लिहा. म्हणजे आत येणारी भाषा आणि बाहेर पडणारी भाषा वेगळी, आणि मधला रस्ता मुलाने स्वतः चालायचा. वाक्यामागे भाषांतर करणारा शिक्षक तो रस्ता मुलाच्या वतीने चालून टाकतो.

मी तो ‘फाइव्ह लेस दॅन’चा तास पुढच्या वर्षी या पद्धतीने पुन्हा घेतला. तो इथे थोडा सविस्तर सांगते, कारण पुढच्या प्रकरणांतले बरेच तास याच साच्यातून निघाले. गणित फळ्यावर इंग्रजीत लिहिलं आणि मी त्याचं भाषांतर केलं नाही. जोड्यांना सांगितलं, हे शेजाऱ्याला मराठीत असं सांगा की त्याने पेन न घेता उत्तर काढलं पाहिजे. पाच मिनिटं वर्गात मराठीचा गलका होता. चुकीची भाषांतरंही झाली: “पाच हे दुपटीपेक्षा कमी आहेत” असं एकाने सांगितलं, आणि त्याचा शेजारी म्हणाला, “मग अकराचं काय करायचं?” ही चूक फार कामाची, कारण ‘फाइव्ह इज लेस दॅन’ आणि ‘फाइव्ह लेस दॅन’ यांतला ‘इज’चा फरक तिथे पहिल्यांदा उघड झाला. मी सांगून तो कधी ऐकला गेला नव्हता. मग जे मराठी वाक्य वर्गाने मान्य केलं ते इंग्रजी वाक्याखाली लिहिलं आणि सारख्या अर्थाचे तुकडे रेघांनी जोडले. रेघा एकमेकींना छेदून गेल्या. मुलांनी तो गुंता वहीत काढून घेतला. त्यानंतरच समीकरण, आणि सोडवून झाल्यावर उत्तर समीकरणात न घालता मूळ इंग्रजी वाक्यात घालून वाचायचं: एटची दुप्पट सिक्स्टीन, फाइव्ह लेस दॅन सिक्स्टीन इज इलेव्हन. उणे तीन घेऊन बसलेली मुलं इथे पकडली जातात, कारण उणे सहापेक्षा पाचने कमी म्हणजे अकरा असं कुणालाच म्हणता येत नाही.

शेवटची पायरी मी पूर्वी कधी केली नव्हती. फळ्यावर 3x + 4 = 19 लिहिलं आणि याचं गणित इंग्रजीत तयार करा म्हटलं. मराठीत विचार, इंग्रजीत वाक्य. यात वेळ जातो. एका तासात थोडीच गणितं झाली, पूर्वी आठ-नऊ व्हायची. दहावीच्या वर्षी अभ्यासक्रम धावत असताना हे दर तासाला जमत नाही, मला जमलेलं नाही. शब्दांतली गणितं, नवी संज्ञा, प्रयोगाचा निष्कर्ष, अशा मोजक्या जागी ते केलं तरी चालतं. समीकरण सोडवण्याच्या पायऱ्यांना भाषा फारशी लागतच नाही, तिथे इंग्रजी बोललं काय आणि मिसळून बोललं काय.

एक सापळा मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे. ‘लेस म्हणजे वजा, मोअर म्हणजे अधिक’ अशी यादी आम्ही बरेच जण मुलांना देतो. मग हे गणित द्या: राजूकडे मीनापेक्षा पाच रुपये कमी आहेत, राजूकडे बारा आहेत, तर मीनाकडे किती? वाक्य शुद्ध मराठी, आणि ‘कमी’ बघून सात लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात. ज्या वर्गात भाषापालट म्हणजे अशा शब्दांच्या जोड्या जुळवणं असतं, तिथे मुलाला ना इंग्रजी येते ना गणित. ते ओळखायची माझी खूण साधी आहे: मुलाला उत्तर न विचारता प्रश्न परत सांगायला लावायचा, आणि तो ज्या भाषेत वाचला तिच्याहून वेगळ्या भाषेत. जो सांगू शकतो त्याचं उत्तर चुकलं तरी मला काळजी वाटत नाही.

आणि एक कबुली. या पानांत मी सरसकट ‘मराठी’ म्हणत आले, जणू प्रत्येक मुलाच्या घरी तीच बोलतात. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात यावरूनच शहरातल्या वर्गाची कल्पना यावी. नंदुरबारच्या डोंगरात घरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आणि मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलाला ‘दुपटीतून पाच वजा’ हेही शाळेतच शिकावं लागतं. त्याच्यासाठी इंग्रजीकडून मराठीकडे येणं म्हणजे एका परक्या घरातून दुसऱ्या परक्या घरात. आमच्या एका सहकाऱ्याच्या तासात असा एक मुलगा आहे, जोडीत त्याचा आतेभाऊ होता म्हणून तो बोलला. रेकॉर्डिंगमध्ये त्या दोघांचं बोलणं ऐकू येतं, पण आमच्यापैकी कुणालाही ते लिहून काढता आलं नाही. तो भाग पुस्तकात तसाच ठेवला आहे, ठिपक्यांनी.

त्या दुसऱ्या वर्षीच्या तासाचा शेवट सांगायचा राहिला. रेघांचा गुंता बघून मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, कशातून काढायचं ते ठरायच्या आधीच हे लोक पाच का म्हणतात?” मी म्हटलं, आपण ‘पेक्षा’ मागे लावतो, ते ‘दॅन’ पुढे लावतात. तो म्हणाला, “मग आपण शेवटून वाचू.” वर्गाला हे फार आवडलं आणि पुढची दोन गणितं सगळ्यांनी शेवटून वाचून बरोबर मांडली. तिसरं होतं, ‘ट्वाइस अ नंबर डिक्रीज्ड बाय फाइव्ह इज नाइन.’ बऱ्याच वह्यांत पुन्हा 5 − 2x आलं. त्या मुलानेही तसंच लिहिलं होतं. मग तो थांबला, वाक्यावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं आणि खोडरबर शोधत म्हणाला, “इथे दॅन कुठेय?”